पट्टा पुढे ओढतो, दाब मागे ढकलतो: सरकती भिंत आणि दाबाचा उतार एकत्र दाखवणाऱ्या ट्रेच्या नोंदी

२८ जून

कॉलेजच्या फ्लुइड लॅबसाठी हा ट्रे बांधायला घेतला आहे. दुसरं कोणी असाच बांधत असेल तर उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवतोय.

दोन समांतर भिंतींमध्ये घट्ट द्रव आहे. एक भिंत स्थिर, दुसरी सरकती. नुसती भिंत सरकली तर स्थिर भिंतीपाशी वेग शून्य, सरकत्या भिंतीपाशी पूर्ण, आणि मध्ये सरळ रेषा. याला कूएट प्रवाह म्हणतात. भिंती दोन्ही स्थिर ठेवून नुसता दाबाचा फरक लावला तर मधे फुगलेला पॅराबोला मिळतो, तो प्वाझचा. दोन्ही एकदम लावले तर या दोन वेगांची बिंदूगणिक बेरीज होते. फळ्यावर हे दोन ओळींत संपतं आणि मुलं पाठ करतात. पण भिंत पुढे जात असताना तिच्यापासून थोड्याच अंतरावरचा द्रव मागे येतो, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांना पटत नाही. मला तेच दाखवायचं आहे.

रचना अशी: ॲक्रिलिकचा उघडा ट्रे, त्यात दोन उभे रोलर, त्यांच्याभोवती उभा पट्टा. पट्ट्याची सरळ बाजू ५०० मिमी लांब, तिच्यासमोर १८ मिमी अंतरावर ॲक्रिलिकची स्थिर भिंत. द्रवाची खोली ७० मिमी. पट्टा द्रव ज्या टोकाकडे नेतो तिथे सरकवता येईल असं गेट. गेट उघडं असेल तर द्रव पट्ट्याच्या मागच्या बाजूने फिरून परत येतो. गेट बंद केलं की द्रव तिथे तुंबतो, पातळी चढते, आणि ती चढलेली पातळी हाच उलटा दाब. वेगळा पंप नको, मॅनोमीटर नको. काठावर मोजपट्टी चिकटवली की काम झालं.

वर झाकण मुद्दाम ठेवलेलं नाही. पातळीच्या उतारामुळे येणारा दाबाचा उतार वरपासून तळापर्यंत सारखाच असतो, आणि उघड्या पृष्ठभागावर घर्षण नसतं. त्यामुळे वरून जो वेग दिसेल तोच खालीही असणार, अगदी तळालगतचा थर सोडला तर. तळाच्या घर्षणाने पट्ट्याची ओढ आणि दाबाचा रेटा दोन्ही जवळजवळ सारखेच घटतात. हिशेब करून पाहिला, या मापांना तुंबाऱ्यात फक्त एक टक्का फरक पडतो.

१ जुलै

पट्ट्यासाठी आधी फ्लेक्स बोर्डाचं कापड वापरून पाहिलं. आपल्याकडे चौकाचौकात मिळतं, स्वस्त आहे, दुकानदाराने जोड गरम करून चिकटवूनही दिला. चालला नाही. खालच्या कडेला झोळ येतो आणि फट कुठे १५ तर कुठे २० मिमी होते. दाबाचं गणित फटीच्या वर्गावर चालतं, त्यामुळे एवढी लहर परवडत नाही. त्याऐवजी बिस्किटं-फरसाण नेणाऱ्या कन्व्हेयरचा २ मिमी जाड पीव्हीसी पट्टा आणला. जोड तिरका कापून घ्या. सरळ जोड रोलरवर चढताना धक्का बसतो.

पट्ट्याच्या आतून ६ मिमी ॲक्रिलिकची पाटी उभी केली आहे, तिला घासत पट्टा सरळ चालतो. पट्ट्याची कड तळाला घासू नये म्हणून पाटी आणि पट्टा २ मिमी उचलून ठेवले.

रोलर ५० मिमी व्यासाचे, उद्यमनगरात टर्निंग करून घेतले. मोटर १२ व्होल्टची, मिनिटाला दहा फेऱ्यांची गिअरवाली. पट्ट्याचा वेग सेकंदाला २४ मिमी ठेवला. मोटर बॅटरीवर चालवा, पावसाळ्यात वीज गेली की चालू प्रयोग वाया जातो.

द्रव म्हणून ग्लिसरीन, साधारण पंधरा किलो. यातच सगळ्यात जास्त पैसे गेले, बाकी सामानाचा बराचसा भाग भंगारातून जमला. काकवी वापरा, असंही एकाने सुचवलं. कोल्हापुरात ते सुचणारच. पण काकवीतून आरपार दिसत नाही, आणि उघड्या ट्रेमध्ये ती आंबेल.

४ जुलै

ग्लिसरीनच्या डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. शुद्ध ग्लिसरीनची व्हिस्कॉसिटी २० अंशांना सुमारे १.४ पास्कल-सेकंद असते आणि ३० अंशांना सुमारे ०.६. दहा अंशांत निम्म्याहून खाली. खोलीत २५ अंश आहेत म्हणून आकडा मधला कुठलातरी घेतला, असं करून चालत नाही.

३ मिमीचा स्टीलचा बेअरिंग छर्रा ५० मिमी व्यासाच्या नळीत सोडून २०० मिमी अंतराचा वेळ घेतला: ४.९ सेकंद. स्टोक्सच्या सूत्रात हा वेग तसाच घातला तर उत्तर ०.७९ येतं. पण नळीची भिंत छऱ्याला अडवते. छरा आणि नळी यांच्या व्यासांचं गुणोत्तर ०.०६, त्याची दुरुस्ती १ + २.१ × ०.०६, म्हणजे जवळपास १.१३. ती केली की व्हिस्कॉसिटी ०.७० येते. ही दुरुस्ती सोडली तर पुढचे सगळे आकडे बारा-तेरा टक्क्यांनी चुकतील, आणि दोष ट्रेला दिला जाईल.

५ जुलै

गेट उघडं ठेवून पहिली चाचणी.

वेग दाखवायला रंगाची रेघ हवी: फटीच्या आडवी, या भिंतीपासून त्या पट्ट्यापर्यंत, सिरिंजने ओढलेली. मग रेघ वाकत जाते आणि तिचा आकार हाच वेगाचा आलेख, फक्त वेळेने गुणलेला. शाई वापरली तर ती पृष्ठभागावर साय पसरावी तशी पसरली, रेघ टिकलीच नाही. ट्रेमधलंच थोडं ग्लिसरीन काढून त्यात खायच्या रंगाची पूड घोटली, तेव्हा कुठे सुबक रेघ आली. रंगाचं ग्लिसरीन त्याच ट्रेमधलं हवं, म्हणजे घनता आणि पातळपणा दोन्ही जुळतात.

फोन फटीच्या बरोबर वर, स्टँडला बांधून. भिंतीपासून आणि पट्ट्यापासून दोन-दोन मिमी भागात पृष्ठभाग वर चढलेला असतो, तिथली मोजणी धरू नका.

रेघ सरळ तिरकी व्हायला हवी होती, पण ती मधे किंचित पुढे फुगली. मध्यावर १२ च्या जागी १३ मिमी प्रतिसेकंद. मोजपट्टीवर पाहिलं तर फटीच्या तोंडाशी पातळी जवळपास एक मिमीने जास्त. कारण पट्ट्याची मागची बाजू. ती उलट दिशेने जाते, तिकडची जागा ६० मिमी रुंद आहे, आणि ती बाजू स्वतःच द्रव ओढून फटीच्या तोंडाशी आणून टाकते. म्हणजे दाब पुढच्या दिशेने लागला होता. मागच्या बाजूला पट्ट्याला लागून एक पत्र्याचा आडोसा उभा केला. फुगवटा गेला, रेघ सरळ झाली.

मुलांना हा फुगवटा आधी दाखवा आणि मग आडोसा घाला. एक मिलिमीटरची पातळी रेघेत दिसते, हे त्यांना तिथेच कळतं.

९ जुलै

आज गेट बंद. इथून पुढे सूत्र लागेल, तेवढंच लिहितो. y हे स्थिर भिंतीपासूनचं अंतर आहे, u तिथला द्रवाचा वेग, h फटीची रुंदी, U पट्ट्याचा वेग, μ व्हिस्कॉसिटी, dp/dx दाबाचा उतार, आणि Q खोलीच्या दर एककामागचा एकूण प्रवाह. पट्ट्याच्या ओढीच्या तुलनेत दाबाचा रेटा किती, ते K सांगतो.

```
η = y/h
u/U = η − K·η(1 − η)
K = h²·(dp/dx) / (2·μ·U)
Q = U·h/2 · (1 − K/3)
```

पहिलं पद सरळ रेषा, दुसरं पॅराबोला. यांची बेरीज करता येते कारण समीकरणात वेगाचा वर्ग उरतच नाही. द्रव हळू चालतो म्हणून तो उडतो, असं पुष्कळ जण समजतात. तसं नाही. प्रवाह सगळीकडे भिंतींना समांतर आहे आणि लांबीच्या दिशेने बदलत नाही, म्हणून जडत्वाचं पद मुळातच शून्य होतं. फटीच्या टोकांना, जिथे द्रव वळतो, तिथे ही बेरीज लागू नाही. म्हणून रेघ नेहमी फटीच्या लांबीच्या मध्यावर ओढायची.

गेट बंद म्हणजे एकूण प्रवाह शून्य. Q शून्य ठेवलं की K बरोबर ३ येतो. मग वेग शून्य होण्याची जागा भिंतीपासून दोन तृतीयांशावर, आमच्या फटीत १२ मिमीवर. त्याच्या आतला सगळा द्रव मागे यायला हवा, आणि सर्वांत जोरात ६ मिमीवर, पट्ट्याच्या वेगाच्या एक तृतीयांशाने, म्हणजे ८ मिमी प्रतिसेकंद. पातळीचा चढ ५०० मिमी लांबीत साधारण साडेबारा मिमी.

मिळालं हे: चढ १० मिमी. शून्याची जागा १० मिमीवर. मागे येण्याचा जास्तीत जास्त वेग जेमतेम ४.२.

द्रव मागे येताना दिसला, मुलं खूश झाली. पण आकडे लांब आहेत. चढ कमी येण्याची दोन कारणं असू शकतात: व्हिस्कॉसिटी कमी, किंवा कुठेतरी गळती. या दोहोंतलं कुठलं, हे चढावरून ठरत नाही. शून्याच्या जागेवरून ठरतं. K ३ असेल तर शून्य दोन तृतीयांशावरच येतं, द्रव पातळ असो वा घट्ट, पट्टा हळू असो वा जोरात. ते १० मिमीवर आलं याचा अर्थ K ३ नाही, म्हणजेच एकूण प्रवाह शून्य नाही. सूत्रात १० मिमी घातलं की K २.२५ येतो, आणि प्रवाह उघड्या गेटच्या प्रवाहाच्या पाव भाग. एवढं ग्लिसरीन कुठूनतरी निसटतंय.

११ जुलै

आधी गेटवर संशय होता. गेटच्या कडेला आणि पट्ट्यात एक मिमी फट आहे, पट्टा तिथून थोडा द्रव ओढून नेणारच. हिशेबाने ते सहा-सात टक्के. पाव भाग त्यातून जात नाही.

रोलरचं बेअरिंग बदलायला उद्यमनगरचे मिस्त्री आले होते. त्यांनी ट्रे टेबलाच्या कडेबाहेर थोडा सरकवला, खाली वाकून पारदर्शक तळातून बघितलं आणि म्हणाले, "सर, वरनं काय बघताय? खालनं बघा की. ह्यो रंग पट्ट्याच्या बुडातनं पलीकडं निघालाय."

तीच ती २ मिमीची फट. पट्टा घासू नये म्हणून मुद्दाम ठेवलेली. हीसुद्धा दोन समांतर पाट्यांमधलीच फट आहे, फक्त आडवी, आणि तिच्यातून जाणारा प्रवाह जाडीच्या घनाने वाढतो. आठ मिमी रुंदीच्या पाटी-पट्ट्याखालून, अर्धा मीटर लांबीभर, सरासरी पाच-सहा मिमी पातळीच्या दाबाने जाणारं ग्लिसरीन मोजलं तर जवळपास तेवढंच भरतं जेवढं हरवत होतं. २ मिमीची फट अर्धा मिमी केली की गळती चौसष्टाव्या भागावर येते. पातळ दिसणाऱ्या फटीकडे दुर्लक्ष करू नये ते यासाठी. तिची जाडी पाहून अंदाज लागत नाही, घन करूनच पाहावा लागतो.

पाटीखालची जागा सिलिकॉन सीलंटने पूर्ण बुजवली. पट्टा अजून तळापासून २ मिमी वरच आहे, पण त्याच्यामागे आता वाट नाही. गेटच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली, ती पट्ट्याला हलकी टेकते. फार दाबून लावू नका, मोटरवर ताण येऊन वेग घटतो. सीलंट लावायला सगळं ग्लिसरीन उपसावं लागलं, ट्रे गरम पाण्याने धुऊन कोरडा करावा लागला. ग्लिसरीनचा ओशटपणा राहिलेल्या जागी सीलंट धरत नाही. या दमट हवेत तो वाळायलाही वेळ घेतो.

१४ जुलै

गेट बंद, पट्टा २४ मिमी प्रतिसेकंद.

चढ १२ मिमी. शून्याची जागा पावणेबारा मिमीवर. मागे येण्याचा जास्तीत जास्त वेग ७.४, तोही ६ मिमीच्या आसपासच. K २.८८. चार टक्के अजून गळतंय, बहुधा गेटच्या ट्यूबखालून. याहून मागे लागलो नाही.

रेघेचा आकार पाहण्यासारखा आहे. पट्ट्यालगतचा पातळ थर झपाट्याने पुढे जातो, आणि फटीचा दोन तृतीयांश भाग सावकाश मागे सरकत असतो. पुढे जाणारा भाग अरुंद आहे पण वेगवान, मागे येणारा रुंद आहे पण संथ, आणि दोन्हींचं क्षेत्रफळ सारखं. पाच सेकंदांनंतरचा फोटो ग्राफपेपरवर ठेवून मुलांनी दोन्ही बाजूंचे चौकोन मोजले, जुळले.

१६ जुलै

दोन प्रोफाइल वेगळे करून दाखवायचा मार्ग सापडला.

सरळ रेषा ५ जुलैला मिळालीच होती. नुसता पॅराबोला हवा असेल तर पट्टा थांबवून दाब तेवढाच ठेवायला हवा. त्यासाठी वेगळी टाकी जोडायच्या विचारात होतो. गरज नाही. गेट बंद ठेवून पट्टा चालू द्या, पातळी पूर्ण चढू द्या, आणि पट्टा एकदम थांबवा. पातळीचा उतार त्या क्षणी होता तसाच असतो, त्याला उतरायला दोन-तीन सेकंद लागतात. वेग मात्र नव्या स्थितीत लगेच येतो. h² भागिले π² गुणिले द्रवाची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी, असा वेळ काढला तर ०.०६ सेकंद येतो. फोनच्या व्हिडिओत दोन फ्रेम. म्हणजे तिसऱ्या फ्रेमपासून पुढे साधारण दहाव्यापर्यंत जे दिसतं तो शुद्ध प्वाझ प्रवाह, पूर्ण दाबाखालचा. त्यानंतर गेटकडून पातळी पडत येते आणि वेग घटतो.

फटीच्या बरोबर मध्यावर, ९ मिमीवर, रंगाचा एक थेंब सोडला. पट्टा चालू असताना तो सेकंदाला साडेपाच मिमीने मागे येत होता. पट्टा थांबवला, आणि थेंब मागच्या दिशेने उसळला: सतरा मिमी प्रतिसेकंद.

वर्गात हा प्रश्न आधी विचारा आणि मग बटण दाबा. बहुतेक मुलं म्हणाली, पट्टा थांबला की सगळंच थांबेल. प्रत्यक्षात मध्यावर पट्टा थेंबाला १२ ने पुढे ओढत होता आणि दाब १७ ने मागे ढकलत होता. उरले होते पाच-साडेपाच. पट्ट्याची ओढ गेली, १७ उरले. एका थेंबात दोन्ही पदं सुटी झाली. ट्रेवरचा सगळ्यात चांगला प्रयोग हाच आहे, आणि त्याला एक स्विच सोडून काही लागत नाही.

२७ जुलै

मधले दिवस पावसाचे, ट्रे उघडाच होता. आज गेट बंद करून चालवला तर चढ साडेआठ मिमी. पहिला विचार आला की सीलंट सुटला.

पण शून्याची जागा मोजली, ती पावणेबारावरच. मागे येण्याचा वेगही तेवढाच. म्हणजे K बदललेला नाही, म्हणजे गळती नाही. उरली व्हिस्कॉसिटी. छरा टाकला: ४.९ सेकंदांच्या जागी ३.४. व्हिस्कॉसिटी ०.४९ वर उतरली होती, सत्तर टक्क्यांवर. चढही १२ वरून सत्तर टक्क्यांवर. तंतोतंत.

तापमान तेवढंच होतं. ग्लिसरीन हवेतली वाफ ओढून घेतं, आणि दोन-तीन टक्के पाणी एवढी घट करायला पुरेसं असतं. ९५ टक्के ग्लिसरीनची व्हिस्कॉसिटी २० अंशांना ०.५२ च्या आसपास असते, शुद्धच्या निम्म्याहून कमी. जुलैत कोल्हापुरात कपडे वाळत नाहीत, तिथे दोन आठवडे उघड्या ट्रेने किती पाणी ओढलं असेल याचं नवल नाही.

तर निदान असं करा. चढ पडला आणि शून्याची जागाही पट्ट्यापासून दूर, म्हणजे भिंतीकडे सरकली, तर गळती शोधा. चढ पडला पण शून्य जागेवर आहे, तर छरा टाका. आता वापर नसताना ट्रेवर झाकण आणि कडेने चिकटपट्टी. प्रत्येक बॅचच्या आधी छरा.

३० जुलै

शेवटची चाचणी: गेट किंचित उघडून द्रव मागे यायला नेमकी कधी सुरुवात होते ते.

सूत्राप्रमाणे K १ च्या खाली असेल तर द्रव कुठेच मागे येत नाही. K बरोबर १ असताना वेग η² सारखा वाढतो आणि स्थिर भिंतीलगत रेघ उभी राहते, तिथे भिंतीवर घर्षण शून्य. K पातळीच्या चढाच्या प्रमाणात असल्याने ही अवस्था K ३ च्या चढाच्या एक तृतीयांशावर यायला हवी. आजच्या पातळ झालेल्या ग्लिसरीनमध्ये तो तीन मिमीच्या थोडा आत.

गेट थोडं थोडं वर घेत गेलो. चढ चार मिमी असताना भिंतीकडची रेघ अजून मागे सरकत होती. साडेतीनलाही, पण अगदी मंद. तीनच्या आसपास ती थांबल्यासारखी दिसली. नेमका आकडा काढता येत नाही, कारण हा सगळा खेळ भिंतीलगतच्या त्याच दोन-तीन मिमीत आहे जिथे पृष्ठभाग वाकलेला असतो. फट १८ ऐवजी ३६ मिमी केली तर ही जागा रुंद होईल, पण चढ चौपट कमी होऊन मोजपट्टीवर वाचता येणार नाही. पट्टा दुप्पट वेगाने फिरवला तरी निम्माच भरून येतो. त्यापेक्षा सिरिंजची सुई पृष्ठभागाखाली वीस मिमी नेऊन तिथे रेघ ओढायची आणि भिंतीच्या बाजूने, ॲक्रिलिकमधून पाहायची. भिंतीलगतचा रंग पुढे जातो की मागे, एवढंच बघायचं असल्याने समोरून पाहिलेलं पुरेल. लांब सुई मागवली आहे.